मॅच अर्धा मिनिट उशिरा चालेल, कारखाना नाही

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकाची अंतिम लढत चालू असताना हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख लोक सामना बघत होते. त्यातल्या जवळपास प्रत्येकाला चेंडू पडल्यानंतर काही सेकंदांनी दिसत होता, आणि कित्येकांना अर्ध्या मिनिटाने. शेजारच्या घरातून आधी आरडाओरडा ऐकू येतो आणि मग आपल्या मोबाइलवर विकेट पडते, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. त्याबद्दल कोणी कस्टमर केअरला फोन लावत नाही. चित्र अडकले, गोल चक्र फिरू लागले, तर मात्र लगेच शिव्या सुरू होतात.

आता वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात चला. पट्ट्यापट्ट्यांच्या रस्त्यावरून चालकाविना फिरणाऱ्या गाड्या, म्हणजे एजीव्ही, स्टोअरमधून लाइनवर माल पोचवत आहेत. प्रत्येक गाडी आणि भिंतीवरच्या पॅनेलमधला नियंत्रक, म्हणजे पीएलसी, एकमेकांना सतत छोटे निरोप पाठवत असतात: ‘मी इथे आहे’, ‘चालू राहा’, ‘मी इथे आहे’, ‘चालू राहा’. हे निरोप शतांश सेकंदभर जरी थांबले तरी गाडी अस्वस्थ होते आणि आणखी थोडे थांबले की जागच्या जागी उभी राहते.

ही दोन्ही कामे एकाच 5जी नेटवर्कवर, प्रसंगी एकाच टॉवरवरून करायची, हा नेटवर्क स्लाइसिंगचा दावा आहे. एकाच नेटवर्कमधून वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी आभासी नेटवर्क कापून काढायची आणि प्रत्येकीला तिच्या गरजेनुसार वागवायचे. विकणारी मंडळी ते सांगताना बहुधा वेगाची भाषा बोलतात. कारखान्याला वेग फारसा लागतच नाही, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

हिशेब करून पाहू. मोबाइलवर चांगल्या एचडी दर्जाचा व्हिडिओ सेकंदाला साधारण ५ मेगाबिट खातो. तो सलग धारेने येत नाही. सर्व्हरवर त्याचे काही सेकंदांचे तुकडे करून ठेवलेले असतात आणि आपले अॅप ते एकामागून एक मागवून पुढचा साठा करून ठेवते. चार सेकंदांचा तुकडा म्हणजे जेमतेम अडीच मेगाबाइट. साठ्यात वीस सेकंदांचा माल असेल, तर एखादे पॅकेट हरवून पुन्हा मागवावे लागले किंवा पाव सेकंद उशिरा आले, तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. जाळे फारच तुंबले तर अॅप आपणहून हलक्या दर्जाचा तुकडा मागवते. चित्र थोडे धूसर होते, पण चालू राहते. 5जीच्या प्रमाणग्रंथांत प्रत्येक प्रकारच्या वाहतुकीला एक वर्गक्रमांक आहे. अशा व्हिडिओच्या वर्गांत फोनपासून नेटवर्कच्या बाहेर पडण्याच्या दारापर्यंत ३०० मिलिसेकंद लागले तरी चालतात. ऑपरेटरची डोकेदुखी असते ती एकूण मालाची, कारण संध्याकाळी आठ वाजता लाखो लोक एकदम तो मागतात.

एजीव्हीचे गणित उलटे. समजा गाडी आणि पीएलसी दर ८ मिलिसेकंदांनी एक निरोप पाठवतात. प्रॉफिनेट ही कारखान्यातली पद्धत वापरणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. निरोप ६४ बाइटचा धरला, तर सेकंदाला १२५ निरोप, म्हणजे अवघे ६४ किलोबिट. एका एचडी व्हिडिओच्या जागेत सत्तरहून जास्त गाड्या मावतील. मात्र त्यांच्या मागे एक घड्याळ लागलेले असते. सर्वसाधारण सेटिंग असे, की लागोपाठ तीन निरोप आले नाहीत तर संपर्क तुटला असे समजायचे. इथे ते २४ मिलिसेकंद झाले. तेवढ्या वेळात काहीच आले नाही, तर गाडी थांबते. नेटवर्कचा सरासरी विलंब ९ मिलिसेकंद आहे की १२, याने काही बिघडत नाही. बिघडते ते एखाद्या वेळच्या ४० मिलिसेकंदांनी.

त्याच प्रमाणग्रंथांत कारखान्यातल्या स्वयंचलनासाठी ८२ क्रमांकाचा वर्ग आहे. त्याची मर्यादा १० मिलिसेकंद, आणि दहा हजारांत एकापेक्षा जास्त पॅकेट चुकू नये अशी अपेक्षा. या वर्गात उशिरा आलेले पॅकेट हरवले असेच धरले जाते. व्हिडिओत उशिरा आलेला माल वापरता येतो, इथे तो कचरा. दहा हजारांत एक, म्हणजे ९९.९९ टक्के, ऐकायला भक्कम वाटते. पण आठ तासांच्या शिफ्टमध्ये एका दिशेने ३६ लाख निरोप जातात. दहा हजारांत एक म्हणजे ३६० निरोप चुकले. ते सुटे सुटे चुकले, तर काही होत नाही, कारण घड्याळ तीन सलग चुकांची वाट बघते. अडचण अशी, की रेडिओच्या चुका सुट्या येत नाहीत. लोखंडी पेट्या रचलेला फोर्कलिफ्ट गाडी आणि अँटेना यांच्यामध्ये आला, की तीन निरोप एकदम जातात. मग लाइन थांबते आणि सगळे नेटवर्कवाल्याकडे बघतात.

यावर अनुभवी इंजिनिअर पहिला उपाय करतात तो नेटवर्कमध्ये नसतोच. ते निरोपांचे अंतर वाढवतात. ८ ऐवजी ६४ मिलिसेकंद ठेवले, तर घड्याळ १९२ मिलिसेकंदांवर जाते आणि गाड्या उगाच थांबणे बहुतेक बंद होते. पण सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या वेळात १९ सेंटिमीटर पुढे गेलेली असते, ब्रेक लागायच्या आधीच. २४ मिलिसेकंदांत ती अडीच सेंटिमीटरसुद्धा जात नव्हती. समोर माणूस आला तर थांबवायला गाडीवरच लेझर स्कॅनर असतो, तो नेटवर्कवर अवलंबून नसतो. पण दोन गाड्यांच्या मार्गांची फुली होते तिथे, किंवा गाडी यंत्राला जोडली जाते तिथे, हे सेंटिमीटर मोजावेच लागतात. कारखान्याला कसली स्लाइस हवी हे खरे तर इथे, शॉप फ्लोअरवर ठरते.

मग नेटवर्कच्या गाभ्यात, ज्याला कोअर म्हणतात तिथे, नेमके काय होते? 5जीचा कोअर म्हणजे सर्व्हरवर चालणारी बरीच सॉफ्टवेअर. आपल्याला त्यातली तीन पुरेत. एएमएफ हा नोंदणी करून घेणारा. एसएमएफ प्रत्येक जोडणी उभी करणारा. आणि यूपीएफ म्हणजे ते दार, ज्यातून प्रत्यक्ष डेटा मोबाइल नेटवर्कमधून बाहेरच्या जगात किंवा कारखान्याच्या आतल्या जाळ्यात जातो.

एजीव्हीवरचा मोडेम चालू झाला, की तो एएमएफकडे नोंदणी मागतो आणि सोबत हव्या असलेल्या स्लाइसचे क्रमांक देतो. क्रमांकाचे दोन भाग असतात. पहिला प्रकार सांगतो: १ म्हणजे नेहमीचे मोबाइल इंटरनेट, २ म्हणजे कमी विलंबाचे खात्रीचे काम, ३ म्हणजे असंख्य छोटी उपकरणे. दुसरा भाग ऐच्छिक असतो आणि एकाच प्रकारच्या दोन ग्राहकांना वेगळे करतो. एएमएफ सिमकार्डाच्या खात्यात बघतो, याला कोणत्या स्लाइस मंजूर आहेत ते तपासतो आणि मंजूर यादी परत पाठवतो. एका उपकरणाला एका वेळी आठपर्यंत स्लाइस मिळू शकतात. त्यानंतर कोणत्या अॅपचा डेटा कोणत्या स्लाइसमध्ये टाकायचा याचे नियम नेटवर्क उपकरणाला पाठवते. जोडणी मागितली गेली, की त्या स्लाइसचा एसएमएफ त्या स्लाइसचे यूपीएफ निवडतो. एएमएफ मात्र त्या उपकरणाच्या सगळ्या स्लाइसना एकच असतो, कारण नोंदणी एकदाच होते.

इथे एक गैरसमज इतका पक्का बसला आहे, की तो उखडायलाच हवा. सेटिंगमध्ये प्रकार २ लिहिले, म्हणून निरोप लवकर पोचत नाहीत. क्रमांक ही पाटी आहे. त्या पाटीमागे ऑपरेटरने वेगळे यूपीएफ ठेवले आहे का, ते कुठे ठेवले आहे, ज्या सर्व्हरवर ते चालते त्याचे काही प्रोसेसर फक्त त्याच्यासाठी बांधून ठेवले आहेत का, यावर सगळे अवलंबून. कागदावर दोन स्लाइस आणि खाली सामाईक प्रोसेसर, असे असेल तर संध्याकाळी मॅच सुरू झाल्यावर व्हिडिओचे यूपीएफ प्रोसेसर व्यापते आणि कारखान्याचे निरोप ताटकळतात.

यूपीएफच्या जागेबद्दलही लोक थोडे चुकीचे बोलतात. ते जवळ हवे हे खरे, पण कारण निव्वळ अंतर नाही. समजा कारखाना चाकणला आहे आणि मोबाइल ग्राहकांचे यूपीएफ नवी मुंबईत, केबलच्या वाटेने १८० किलोमीटरवर. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे जाताना ०.९ आणि जाऊन-येऊन १.८ मिलिसेकंद. एवढ्याने २४ मिलिसेकंदांचे घड्याळ वाजत नाही. खरा धोका वाटेतल्या राउटरांच्या रांगांचा आहे. त्या राउटरांना 5जीची स्लाइस मुळात कळतच नाही. टॉवर आणि कोअर यांच्यामधल्या वाहतुकीत ही पॅकेट वेगळी काढून पुढे सोडा, अशी व्यवस्था कोणीतरी वेगळी करावी लागते आणि ती करायची राहून जाते, ही नेहमीची गोष्ट. यूपीएफ कारखान्याच्या आवारातच ठेवले, की ती वाटच उरत नाही. एजीव्हीचा निरोप टॉवरवरून आवारातल्या सर्व्हरमध्ये आणि तिथून थेट पीएलसीकडे जातो. उलट व्हिडिओच्या स्लाइसला यूपीएफ प्रत्येक तालुक्यात ठेवण्याचे कारण नाही. त्याला हवे असते मोठ्या क्षमतेचे दार, ज्याला लागूनच व्हिडिओ कंपन्यांचे साठा-सर्व्हर उभे आहेत.

कोअर कितीही नीट कापला, तरी शेवटचे शंभर मीटर हवेतूनच जायचे असतात, आणि बहुतेक विलंब तिथेच होतो. भारतात 5जीचा मोठा भाग ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात चालतो. तिथे एकाच लहरीवर आळीपाळीने टॉवर बोलतो आणि उपकरणे बोलतात. प्रत्येक पाळी अर्ध्या मिलिसेकंदाची. नेहमीच्या एका रचनेत पाच पाळ्यांपैकी तीन पूर्णपणे टॉवरच्या, एक मिश्र आणि एकच उपकरणांची असते. लोक व्हिडिओ बघतात जास्त आणि पाठवतात कमी, म्हणून ही वाटणी. एजीव्हीला बोलायची संधी त्यामुळे दर अडीच मिलिसेकंदांनी येते. त्यातही तिने आधी ‘मला बोलायचे आहे’ असे कळवायचे, टॉवरने परवानगी द्यायची, मग पुढच्या संधीला खरा निरोप जायचा. पाच-सात मिलिसेकंद इथेच गेले. त्यात एकदा पुन्हा पाठवायची वेळ आली, तर दहाची मर्यादा हमखास ओलांडली जाते. ठरलेल्या वेळी ठरलेली जागा आधीच राखून ठेवण्याची सोय 5जीत आहे आणि तिने परवानगी मागण्याचा वेळ वाचतो. पण ती टॉवरच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू करावी लागते. टॉवरच्या क्षमतेपैकी अमुक टक्के या स्लाइससाठी राखा, असेही सांगता येते. पाळ्यांची वाटणी मात्र स्लाइसला बदलता येत नाही. एका टॉवरने ती बदलली, की शेजारच्या टॉवरांना अडथळा होतो. मॅच बघणाऱ्यांसाठी आखलेले वेळापत्रक कारखान्याला मुकाट पाळावे लागते.

कॅमेऱ्याने तपासणी करणाऱ्या कारखान्यांना हे सर्वांत जास्त बोचते. रंगकामावरचा ओरखडा शोधणारे मोठ्या दर्जाचे कॅमेरे भरपूर डेटा वर पाठवतात. तो आपल्या व्हिडिओसारखाच जड असतो, पण उलट्या दिशेने जातो, त्या एका पाळीतून. नोव्हेंबर २०२२ मध्ये महिंद्राच्या चाकणच्या कारखान्यात एअरटेल आणि टेक महिंद्रा यांनी 5जी बसवल्याचे जाहीर केले. देशातला 5जी असलेला पहिला वाहन कारखाना, असे त्याचे वर्णन केले गेले. तिथे सांगितलेले एक मुख्य काम होते तयार गाड्यांमध्ये सॉफ्टवेअर भरण्याचे, एकाच वेळी अनेक गाड्यांमध्ये. हे काम मोठ्या फाइली नेण्याचे आहे. स्वभावाने ते मिलिसेकंदांच्या निरोपांपेक्षा व्हिडिओच्या जवळचे. मला यात काही कमीपणा वाटत नाही. हाताला लागेल असा फायदा आधी तिथेच असतो, आणि ज्या कामात चूक झाली तर लाइन थांबते ते काम पहिल्याच दिवशी हवेवर सोडू नये.

चाकणची ती व्यवस्था कारखान्याचे स्वतंत्र खासगी नेटवर्क म्हणून मांडली गेली होती. स्लाइस आणि खासगी नेटवर्क यांत फरक आहे. लोकलमधला राखीव डबा आणि स्वतःचा वेगळा रूळ यांत जो फरक असतो, तोच. राखीव डब्यात गर्दी होत नाही, पण ओव्हरहेड वायर तुटली की तोही उभा राहतो. दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये खासगी नेटवर्कसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत चार वाटा आहेत: ऑपरेटरच्या सार्वजनिक नेटवर्कची स्लाइस घ्यायची, ऑपरेटरकडून त्याच्याच लहरींवर वेगळे नेटवर्क उभारून घ्यायचे, ऑपरेटरकडून लहरी भाड्याने घेऊन आपण उभारायचे, किंवा लहरी थेट सरकारकडून घ्यायच्या. शेवटच्या वाटेला मोबाइल कंपन्यांचा कडवा विरोध होता.

हा फरक जेसीबीने केबल तोडली, की लगेच कळतो. स्लाइस घेतली आहे, यूपीएफ आवारात आहे, पण एएमएफ आणि एसएमएफ दूर शहरात आहेत असे धरा. केबल तुटली, की डेटाची वाट आवारातच असल्यामुळे चालू जोडण्या कदाचित थोडा वेळ तग धरतील. पण टॉवरचा एएमएफशी संपर्क गेलेला असतो. जी गाडी चार्जिंगला जाऊन मोडेम झोपवते, तिला परत नोंदणी मिळत नाही. नवी जोडणी उभी राहत नाही. काही टॉवर तर एएमएफ दिसेनासा झाला, की असलेल्या जोडण्याही सोडून देतात. दाखवण्यासाठी आवारात बसवलेले यूपीएफ बघून गिऱ्हाइकाला वाटते, की आपण आता स्वयंपूर्ण झालो. त्याने विचारायचे असते, की नोंदणी कुठे होते.

दुसरा नेहमीचा बिघाड याहून साधा आणि जास्त फसवा. सगळे ठीक दिसते, गाड्या चालतात, आणि तरी निरोप चुकीच्या स्लाइसमधून जात असतात. मोडेमला स्लाइस निवडण्याचे नियम कळत नसतील, किंवा जोडणीचे नाव चुकले असेल, तर उपकरण निमूट नेहमीच्या इंटरनेट स्लाइसमध्ये जाऊन बसते. ओळखायचे कसे? उपकरणाला मिळालेला आयपी पत्ता कारखान्याच्या ठरलेल्या पट्ट्यातला नसतो. पीएलसीपर्यंत पिंग केले, तर दहाच्या जागी पंचवीस-तीस मिलिसेकंद दिसतात आणि संध्याकाळी आणखी वाढतात. नेटवर्कने नकार दिला असेल, तर तेवढे बरे, कारण नोंदीत कारण उमटते: क्रमांक ६२ म्हणजे एकही स्लाइस उपलब्ध नाही, ६९ म्हणजे त्या स्लाइसमध्ये जागा शिल्लक नाही, ७० म्हणजे त्या स्लाइसमध्ये या नावाची जोडणीच नाही.

प्रॉफिनेट वापरणाऱ्यांना आणखी एक खड्डा लागतो. त्याचे निरोप आयपीवर चालत नाहीत, थेट इथरनेटवर चालतात. 5जी कोअरमध्ये इथरनेट जोडणीची सोय पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून आहे, पण बाजारातल्या बऱ्याच राउटरांना फक्त आयपी येते. मग निरोप दुसऱ्या वेष्टनात गुंडाळून पाठवावे लागतात. त्याने चालते, पण प्रत्येक निरोप जाडा होतो आणि बिघाड शोधताना दोन थर सोलावे लागतात.

मोबाइलवर 5जी लिहून आले म्हणजे स्लाइसिंग मिळते, असेही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात सेवा सुरू झाली, तेव्हा जिओने स्वतंत्र 5जी कोअर आणला, तर एअरटेलने 4जीच्या कोअरवर 5जीचे टॉवर जोडून सुरुवात केली. या दुसऱ्या पद्धतीत स्लाइस कापायला 5जीचा कोअरच नसतो.

तुमच्या कारखान्यात कोणी स्लाइस विकायला आले, तर किती मेगाबिट मिळतील हे विचारण्यात वेळ घालवू नका. यूपीएफ कुठे आहे, एएमएफ कुठे आहे, मधल्या वाहतुकीत आमचे निरोप वेगळे काढता का आणि टॉवरवर आमच्यासाठी किती जागा राखता, हे चार प्रश्न लेखी विचारा. मग एका पूर्ण शिफ्टची चाचणी मागा. ती फोर्कलिफ्ट फिरत असताना आणि शक्यतो आयपीएलच्या एखाद्या संध्याकाळी घ्या. हातात पडणाऱ्या अहवालात सरासरी विलंब किती ते बघू नका. लागोपाठ तीन निरोप किती वेळा चुकले, तेवढा एक आकडा बघा आणि मगच सही करा.